सरकतं गेट अर्ध्यातून थांबून परत का फिरतं: दोष शोधायचा क्रम

गेट बंद व्हायला निघतं, अर्ध्यात आल्यावर क्षणभर अडखळतं आणि उलटं फिरून पुन्हा उघडतं. रिमोट दाबला की परत तेच. मग बोलावलेला माणूस मोटारीचं झाकण काढतो, बोर्डावरचा फोर्सचा पॉट, म्हणजे जोर कमी-जास्त करायची खुंटी, पेचकसने शेवटपर्यंत फिरवतो आणि गेट बंद होतं. पैसे घेऊन तो जातो आणि आठवड्याभरात गेट पुन्हा फिरायला लागतं. या उपायाचा मला मनापासून राग आहे, कारण त्याने दोष जागेवरच राहतो आणि तीनशे किलोचं लोखंड माणसाला पाहून थांबायचं विसरतं. म्हणून हे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरचं गेट असं वागतंय त्यांच्यासाठी मी स्वतः ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितो.

बंगल्यांना आणि छोट्या सोसायट्यांना साधारणपणे २३० व्होल्टची सिंगल फेज मोटार असते. तिच्यात कपॅसिटर असतो, गेटला दात्यांची पट्टी म्हणजे रॅक लावलेली असते आणि दोन टोकांना लिमिट, म्हणजे गेट टोकाला पोहोचलं की मोटार थांबवणारे स्विच, असतात. हा लेख या मोटारीबद्दल आहे. २४ व्होल्टच्या मोटारींना हा कपॅसिटर नसतो आणि त्यांचा बोर्ड अडथळा ओळखतो तो मोटार किती करंट ओढते त्यावरून. तिथे कपॅसिटरचा भाग सोडून द्या, बाकीचा क्रम तसाच चालेल.

आधी बोर्डाला नेमकं काय कळतं ते समजून घेऊ. मोटारीच्या दांड्यावर एक लहानशी चकती किंवा चुंबक असतो आणि त्याच्यासमोर सेन्सर. दांडा फिरला की सेन्सर ठोके मोजतो. यालाच एन्कोडर म्हणतात. ठोके ठरलेल्या वेगाने आले तर बोर्ड समजतो की सगळं ठीक आहे. ते मंदावले की त्याच्या लेखी मध्ये काहीतरी आलं, आणि तो मोटार थांबवून उलटी फिरवतो. मध्ये मूल उभं आहे, रुळावर खडा आहे, कपॅसिटर अशक्त झालाय की लाइनचं व्होल्टेज पडलंय, हे त्याला कळायला मार्गच नाही. चारही वेळा त्याला एकच गोष्ट दिसते: मोटार मंद झाली. ती का मंद झाली हे शोधणं आपलं काम.

हात लावण्याआधी गेट पाहा

झाकण उघडायची घाई करू नका. खडू घ्या, गेट पाच-सहा वेळा चालवा आणि प्रत्येक वेळी ते जिथून फिरतं तिथे जमिनीवर खूण करा. घड्याळात सेकंदही मोजा. आता तीन गोष्टी बघा. खुणा एकाच जागी पडतात की विखुरलेल्या आहेत? दोष फक्त बंद होताना दिसतो की उघडतानाही? आणि थांबल्यावर गेट काय करतं: पूर्ण उघडतं, जरासं मागे सरकून थांबतं, की नुसतंच जागच्या जागी उभं राहतं?

या तिसऱ्या प्रश्नावर बरंच ठरतं. लिमिट स्विच गेटला कधीच परत पाठवत नाही, तो फक्त थांबवतो. त्यामुळे गेट मध्येच शांतपणे उभं राहिलं तर संशय लिमिटवर घ्या. पण इथे एक चकवा आहे. बंदचा लिमिट मध्येच चुकून लागला, तर बोर्डाच्या लेखी गेट बंद झालेलं असतं. मग तुम्ही रिमोट दाबता तेव्हा तो गेट उघडायला लागतो, आणि घरचे सांगतात, "मध्येच थांबतं आणि उलटं जातं." ते उलटं आपोआप गेलं की रिमोट दाबल्यावर गेलं, हे विचारून घ्या. या एका प्रश्नाने माझा अर्धा तास अनेकदा वाचला आहे.

गेट फक्त बंद होतानाच फिरत असेल, पूर्ण उघडत असेल आणि खुणा विखुरलेल्या असतील तर फोटोसेलकडे बघा. खांबांवरच्या त्या दोन डोळ्यांमधला किरण तुटला की बहुतेक बोर्ड बंद होणारं गेट उघडतात, आणि उघडताना मात्र त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. काचेवर चिखल, कोळ्याचं जाळं, फांदीचं हलणारं पान, डब्यात शिरलेलं पाणी, संध्याकाळी तिरपं येऊन थेट रिसीव्हरवर पडणारं ऊन, ही नेहमीची कारणं. काच पुसा आणि बोर्डावर `PHOTO` लिहिलेल्या टोकाजवळचा दिवा पाहत राहा. गेट फिरायच्या क्षणी तो दिवा लुकलुकला तर चोर सापडला.

खुणा एकाच जागी पडत असतील तर दोष बहुधा लोखंडात आहे, विजेत नाही.

गेट सोडून मोटार एकटी चालवा

पॉवर कटच्या वेळी गेट हाताने ढकलता यावं म्हणून मोटारीला एक किल्ली असते. ती फिरवली की मोटार आणि गेट वेगळे होतात. ती फिरवा, गेट अर्धवट उघडं ठेवा, सगळ्यांना बाजूला करा आणि रिमोट दाबा. आता फक्त मोटारीचं चाक फिरेल, गेट हलणार नाही. काही मॉडेलमध्ये किल्लीचं दार उघडं असेपर्यंत मोटार चालतच नाही, तिथे ही चाचणी जमणार नाही.

मोटार एकटी असतानाही मध्येच थांबून उलटी फिरली, तर गेट निर्दोष आहे. मग फोटोसेल, एन्कोडरची वायर किंवा बोर्ड बघा. ती सलग फिरत राहिली आणि बरीच सेकंदं उलटून ठरलेली वेळ संपल्यावर थांबली, तर विजेची बाजू बहुतांशी ठीक आहे आणि ओझ्याखालीच काहीतरी बिघडतंय. लिमिट लागत नाही म्हणून ती शेवटी वेळेवर थांबते, त्याने घाबरू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोटार एकटी छान फिरली म्हणून कपॅसिटर चांगला ठरत नाही. अशक्त कपॅसिटरही रिकामी मोटार आरामात फिरवतो.

गेट हाताने ओढा, पण काट्याने

गेट सोडलेलंच आहे तर ते हाताने टोकापासून टोकापर्यंत न्या. हाताला जड लागलं की हलकं, हे सांगणं अवघड असतं, म्हणून मी बॅगेचं वजन करायचा हुकवाला काटा वापरतो. बाजारात सहज मिळणारा पन्नास किलोचा काटा पुरतो. हुक गेटच्या चौकटीत अडकवायचा आणि सावकाश, एकसारखं ओढायचं. तीनशे किलोच्या चांगल्या गेटला सपाट रुळावर सात ते दहा किलोचा ओढ लागतो. आकडा एखाद्या जागी एकदम चढला तर तिथे खूण करा.

खूण केल्यावर गेटच्या पुढच्या कडेकडे पाहत बसू नका. गेट त्या जागी उभं असताना त्याची चाकं कुठे आहेत ते बघा. नवशिका हमखास इथे फसतो, कारण तो फाटकाच्या तोंडाशी रूळ घासत बसतो आणि अडकलेलं असतं ते मागचं चाक, कुंपणाच्या भिंतीलगत.

दुसरी जागा रॅकची. रॅकचे दात आणि मोटारीचं दातेरी चाक यांच्यात एक ते दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी. हॅकसॉ ब्लेडची दोन पाती एकावर एक ठेवून सपाट बाजूने सरकली पाहिजेत. गेटची चाकं झिजली की सगळं गेट खाली बसतं, त्याबरोबर रॅकही खाली येतो आणि गेटचं वजन मोटारीच्या दांड्यावर पडतं. ही फट रॅकच्या पूर्ण लांबीत दर अर्ध्या मीटरवर बघा. एका टोकाला फट आणि दुसऱ्या टोकाला दाब, असं फार वेळा सापडतं.

कपॅसिटर

या मोटारीला सुरू व्हायला आणि ओझं ओढायला कपॅसिटरचा आधार लागतो. वर्षांगणिक त्याची क्षमता घटते आणि मोटारीचा जोर त्याबरोबर कमी होत जातो. मोटार बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षणं अशी: सुरू होताना घुं असा आवाज करून एखादा क्षण रेंगाळते, गेट नेहमीपेक्षा हळू जातं, मोटार जास्त तापते, आणि चढाच्या किंवा घट्ट जागेवर गेट फिरतं. पूर्ण मेलेला कपॅसिटर उलट पटकन ओळखू येतो. मोटार नुसती गुणगुणते, निघतच नाही.

मोजायला आधी एमसीबी पाडा. रिमोटने गेट थांबवणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. मग कपॅसिटरमध्ये साठलेली वीज काढा. जुन्या फिलामेंट बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना काही सेकंद धरल्या की काम होतं. उघड्या पेचकसने ठिणगी पाडायची सवय लावून घेऊ नका. त्यानंतर त्याची निदान एक वायर सोडवा आणि मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मल्टिमीटरने मोजा. वायर न सोडवता मोजलं तर मोटारीची वेटोळी मध्ये येतात आणि आकडा चुकीचा दिसतो.

कपॅसिटरवर १६ मायक्रोफॅरड आणि अधिक-उणे ५ टक्के छापलेलं असेल तर आकडा १५.२ ते १६.८ च्या मध्ये यायला हवा. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी दिसला तर मी तो बदलतोच. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, आणि तो मोटार चालवायचा असावा, पंपाच्या स्टार्टिंगचा नव्हे. "जरा मोठा टाकू, जोर वाढेल" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका, त्याने वेटोळी तापतात.

लिमिट

लिमिट दोन प्रकारचे येतात. एकात मोटारीच्या बाहेर स्प्रिंगची काडी असते आणि रॅकवर बसवलेली पत्र्याची पट्टी तिला ढकलते. दुसऱ्यात रॅकवर चुंबक असतो आणि सेन्सर मोटारीच्या आत. बोर्डावर यांची टोकं बहुधा `FCA` म्हणजे उघडण्याचा आणि `FCC` म्हणजे बंदचा अशी छापलेली असतात. स्प्रिंगची काडी हाताने दोन्ही बाजूंना ढकलून दोन दिवे बदलतात का ते बघा.

लिमिटमुळे गेट परत फिरतं ते एकाच प्रकारे, आणि तेही मध्यात नव्हे, अगदी शेवटी. पट्टी किंवा चुंबक सरकला असेल तर गेट लिमिट लागण्याआधीच खांबावर आदळतं. मोटार अडते, ठोके थांबतात, बोर्डाला अडथळा वाटतो आणि पूर्ण बंद झालेलं गेट पुन्हा उघडतं. घरचे सांगतात, "बंद होतं आणि लगेच उघडतं." पट्टी दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवली की झालं. मोटारीच्या दोन वायरी उलट लावून दिशा बदलली असेल तर लिमिटच्या वायरीही उलटाव्या लागतात, हे नव्या जोडणीत विसरलं जातं. चुंबकांचंही तसंच: दोन टोकांचे चुंबक वेगळ्या ध्रुवाचे असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

एक गेट, दोन दोष

मागच्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या बंगल्यावर गेलो होतो. फाटकाची रुंदी ४.२ मीटर, गेट साधारण तीनशे किलोचं, मोटार तीन वर्षं जुनी. काकू म्हणाल्या, "अहो दादा, दुपारी नीट लागतं आणि संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन आला की बरोबर अर्ध्यातून मागे येतं. याच्या आधी दोघे बघून गेले." फोर्सचा पॉट शेवटपर्यंत फिरवलेला होताच.

खडूच्या खुणा सहापैकी सहा वेळा एका वीतभर जागेत पडल्या, बंद व्हायला निघाल्यापासून बाराव्या सेकंदाला. गेट मिनिटाला साधारण दहा मीटर चालतं, म्हणजे सुमारे दोन मीटरवर. उघडताना एकदाही अडलं नाही. फक्त बंद होताना फिरतं म्हटल्यावर कुणालाही फोटोसेल आठवेल, आणि आधीच्या एकाने तो बदललाही होता. पण फोटोसेलला जागा कळत नाही. खुणा एका जागी पडत होत्या. किल्ली फिरवून मोटार एकटी चालवली, ती पन्नास सेकंद सलग फिरली.

मग काटा अडकवला. सगळीकडे आठ-नऊ किलो, आणि त्या जागी आकडा ३८ वर गेला. उलट दिशेने ओढलं तर तिथे काहीच जाणवलं नाही. मागचं चाक शोधलं तर ते भिंतीलगत, रुळाच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर होतं. गच्चीचा पावसाचा पाइप नेमका तिथेच सुटत होता. खालची माती वाहून गेली होती आणि पाइपाकडचा तुकडा खचला होता, फार नाही, एक मिलिमीटर असेल. डोळ्याला दिसत नव्हता, पण नख फिरवलं की अडत होतं. बंद होताना चाकाला ती पायरी चढावी लागे आणि उघडताना ते तिच्यावरून उतरे. म्हणून दोष एकाच दिशेला. मागच्या चाकावर दीडशे किलो असतील तर मिलिमीटरभर पायरी चढवायलाही तीसेक किलोचा जास्तीचा ओढ लागतो. हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मलाही नवल वाटलं होतं.

पण मग दुपारी कसं लागत होतं? कपॅसिटर काढून मोजला. छापलेले १६, आकडा १०.७. आणि संध्याकाळी सातला मीटर लाइनला लावला तेव्हा १९८ व्होल्ट होते, दुपारी २२८ होते. या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे १९८ ला तो २३० च्या साधारण तीन चतुर्थांशच उरतो. आधीच अशक्त कपॅसिटर, वर हे व्होल्टेज. दुपारी मोटार कशीबशी पायरी चढत होती, संध्याकाळी तिथेच मंदावत होती आणि बोर्ड गेट परत फिरवत होता. बोर्डाचं काहीच चुकत नव्हतं.

त्या संध्याकाळी हाताशी कपॅसिटर होता, तो बदलला. गेट बंद व्हायला लागलं, तरी दहा वेळांत दोनदा फिरलंच. इथे थांबून बिल करता आलं असतं. दुसऱ्या दिवशी वेल्डर आणला, खचलेला तुकडा उचलून खाली काँक्रीट भरलं, सांधा वेल्ड करून ग्राइंडरने एकसारखा केला आणि पावसाचा पाइप दोन फूट पुढे वळवला. काट्यावर त्या जागी ११ आला. संध्याकाळी दोनशेच्या आतल्या व्होल्टेजला वीस वेळा चालवलं, एकदाही फिरलं नाही.

पॉट सगळ्यात शेवटी

बोर्डावर बहुधा दोन पॉट असतात. एक मोटारीचा जोर ठरवतो, दुसरा अडथळ्याची संवेदना, आणि दोन्ही उलटसुलट समजले जातात, म्हणून त्या मॉडेलचं पुस्तक उघडा. जोराचा पॉट फार कमी असेल तर कपॅसिटर गेल्यासारखीच लक्षणं दिसतात, हेही ध्यानात ठेवा. काकूंच्या गेटचा पॉट मी मागे आणत गेलो, गेट अडखळायला लागलं तिथून थोडा पुढे घेतला आणि बोर्डाला गेटची लांबी पुन्हा शिकवली. पॉट किंवा लिमिट हलवला की ही शिकवणी बहुतेक मॉडेलमध्ये पुन्हा घ्यावी लागते. पॉवर कटनंतरची पहिली फेरी गेट हळू घेतं, तोही दोष नव्हे, ते फक्त टोक शोधत असतं.

शेवटी खांब आणि गेट यांच्यामध्ये रिकामा पुठ्ठ्याचा खोका विटेवर ठेवा, तो कुणाला धरून ठेवायला सांगू नका, आणि लांबून गेट बंद करा. खोका जरा चेपला की गेट फिरायला हवं. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात बंद होणाऱ्या फटीत दाब ४०० न्यूटन, म्हणजे साधारण चाळीस किलोंच्या वर जाऊ नये आणि पाऊण सेकंदात तो उतरावा असं आहे. आपल्याकडे तो दाब मोजायचं यंत्र बहुतेकांकडे नसतं, पण खोका सपाट झाला आणि गेट तरीही रेटत राहिलं, तर पॉट अजून मागे घ्या. पॉट मागे घेतल्यावर गेट पुन्हा मध्येच फिरायला लागलं, तर लोखंडात अजून काहीतरी अडतंय. काटा पुन्हा अडकवा.

निघताना मी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, कपॅसिटरचा आकडा, सगळ्यात जास्त ओढ किती आणि कुठल्या जागी, आणि दोन्ही पॉट कुठे ठेवले ते लिहितो. काकूंच्या झाकणात लिहिलं आहे: १६.१ मायक्रोफॅरड, ११ किलो, मागचं चाक पाइपाजवळच्या सांध्यावर.